तीस रुपयांचा मुद्रांक: सभासद नोंदवहीतून गेलेलं नाव परत आणण्याचं एक प्रकरण

शेअर सर्टिफिकेट कपाटात जपून ठेवलेलं आहे, पण कंपनीच्या सभासद नोंदवहीत नाव नाही. घरगुती खाजगी कंपन्यांमध्ये ही वेळ बहुतेकदा बहिणीवर, विधवा वहिनीवर किंवा परगावी राहणाऱ्या भावावर येते. लाभांश आला नाही, सभेची नोटीस आली नाही, आणि चौकशी केल्यावर कळतं की आपले शेअर केव्हाच दुसऱ्याच्या नावावर गेले आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ५९ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे, ही नोंद दुरुस्त करून मागता येते. ते नेमकं कसं होतं हे एका प्रकरणातून सांगतो. माणसं आणि कंपनी मी जुळवून घेतली आहेत. कलमं, नियम, मुद्रांकाचे दर, तारखांचे हिशेब आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मात्र खरे आहेत.

कंपनी वडिलांनी काढलेली, सुट्या भागांचं उत्पादन करणारी. भरणा झालेलं भांडवल १० लाख रुपये, म्हणजे १०० रुपयांचे १०,००० शेअर. वडिलांच्या मागे वाटणी अशी झाली: थोरल्या भावाकडे ३,५००, धाकट्याकडे ३,५००, आईकडे १,००० आणि बहिणीकडे २,०००. बहिणीला आपण ताई म्हणू. ताई लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेल्या. वर्षाकाठी लाभांशाचा चेक येई, त्यावरून कंपनी बरी चालली आहे एवढं त्यांना समजे. शेवटचा चेक २०१९ च्या दिवाळीच्या सुमाराला आला. पुढे कोरोना आला. थोरले म्हणाले, "यंदा काही सुटत नाही, लाभांश जाहीर करत नाही." ताईंनी मान्य केलं. कोणीही केलं असतं.

जून २०२३ मध्ये ताईंच्या मुलाने कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरले आणि कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं उघडली. ३१ मार्च २०२१ रोजी संपलेल्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राला जोडलेल्या भागधारकांच्या यादीत ताईंचं नाव सापडत नव्हतं.

आईचं नाव जागेवर होतं. थोरल्यांपुढे ३,५०० ऐवजी ५,५०० शेअर दिसत होते. ३५ टक्क्यांचा भागधारक आता ५५ टक्क्यांचा झाला होता. धाकटे आणि आई दोघं मिळून विरोधात उभे राहिले तरी साधा ठराव अडवता येणार नाही अशी ही स्थिती. हिशेबाच्या कागदांतून आणखी एक गोष्ट निघाली. २०२०-२१ साठी शेअरमागे ४० रुपये आणि २०२१-२२ साठी ५० रुपये लाभांश दिला गेला होता. २,००० शेअरवर ते एक लाख ऐंशी हजार रुपये होतात.

आधी काय मागितलं

ताई पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांच्या हातात चौसष्ट पानांचा मसुदा होता. वडिलांचं मृत्युपत्र, गावचं घर, आईचे दागिने, लग्नात काय दिलं नि काय नाही, सगळं त्यात. ते सगळं खरं असेल, मनाला लागलेलंही असेल. पण कलम ५९ चा प्रश्न एका ओळीत मावतो: हे नाव वहीतून पुरेशा कारणाशिवाय काढलं का, आणि ते दुसरं नाव पुरेशा कारणाशिवाय घातलं का? हा प्रश्न जितका अरुंद ठेवाल तितका तो न्यायाधिकरणाच्या हद्दीत राहतो. त्यात मृत्युपत्र आणि दागिने आले की समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणतो, "हा मालकीचा कौटुंबिक वाद आहे, यांना दिवाणी न्यायालयात पाठवा." मग पुढची दोन वर्षं त्या एकाच मुद्द्यावर जातात.

म्हणून आधी वही बघायला मागितली. कंपनीची सभासद नोंदवही एमजीटी-१ या नमुन्यात ठेवायची असते आणि कलम ९४ प्रमाणे ती पाहता येते, तिच्या नकलाही मिळतात. इथे लोक बिचकतात. नाव काढलंय, मग आपण सभासद नाही, मग वही कोण दाखवणार? पण कलम ९४ मध्ये सभासदांना फुकट आणि इतर कोणालाही शुल्क भरून वही बघण्याची सोय आहे. हे शुल्क एका वेळेला जास्तीत जास्त ५० रुपये. ताईंनी ३ जुलै २०२३ ला रजिस्टर पोस्टाने अर्ज केला आणि सभासद म्हणूनही व पर्यायाने त्रयस्थ म्हणूनही पाहणी मागितली. त्रयस्थ म्हणून मागताना आपलं सभासदत्व सोडलं असा अर्थ निघू नये, म्हणून 'हक्क राखून' हे शब्द अर्जात घातले. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: आपण कंपनीच्या सभासद नाही, सबब पाहणी देता येत नाही.

हे उत्तर कंपनीला महाग पडलं. नकार देणाऱ्या कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्यांना दिवसाला १,००० रुपये, कमाल एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, पण त्याहून महत्त्वाचं दुसरं. ज्या कंपनीची नोंद सरळ असते तिला वही दाखवायला अडचण नसते, आणि न्यायाधिकरणाचे सदस्य हे जाणतात.

संचालक मंडळाचं इतिवृत्त मात्र अशा अर्जाने मिळत नाही. सभासदाला सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त बघता येतं, मंडळाचं नाही. ते पुढे कंपनीच्या लेखी उत्तरातून बाहेर आलं.

अर्ज आणि त्यातली एक जोखीम

कायदा याला अपील म्हणतो, पण २०१६ च्या एनसीएलटी नियमांतला नियम ७० सांगतो की ते नमुना एनसीएलटी-१ मध्ये याचिका म्हणून दाखल करायचं. कंपनी महाराष्ट्रातली असल्याने याचिका मुंबई खंडपीठापुढे गेली. प्रतिवादी म्हणून कंपनी, थोरले बंधू आणि इतर संचालक. थोरल्यांना संचालक म्हणून जोडलं होतंच, पण ज्याच्या नावावर शेअर गेले तो म्हणूनही स्वतंत्रपणे जोडलं. ज्याचं नाव वहीतून काढायचं त्याला ऐकल्याशिवाय आदेश होत नाही. त्याला पक्षकार केलं नसेल तर याचिका तिथेच अडते, आणि ही चूक अजूनही होते.

कलम २४१-२४२ खाली, म्हणजे दडपशाही आणि गैरव्यवस्थापनाची याचिका का केली नाही, असं धाकट्यांनी विचारलं. त्यांना थोरल्यांचे इतर व्यवहारही उघडे करायचे होते. ती वाट मोठी आहे. तिच्यात कंपनीच्या कारभाराचा सगळा पसारा येतो, आणि कलम २४४ प्रमाणे दहा टक्के भांडवल किंवा सभासदसंख्येची अट आधी पार करावी लागते. ताईंचं नावच वहीत नसल्याने 'आधी सभासद असल्याचं सिद्ध करा' हा आक्षेप दारातच आला असता. नाव काढून टाकल्यावर कंपनीने नवे शेअर काढून उरलेली टक्केवारीही पातळ केली असती, तर मी दोन्ही कलमं एकत्र घ्या असंच म्हटलं असतं. नाव परत आलं तरी मधल्या काळात वाटलेले नवे शेअर कलम ५९ खाली आपोआप रद्द होत नाहीत. इथे तसं काही झालं नव्हतं. एक नोंद चुकली होती, तीच मागायची होती.

सोबत अंतरिम अर्ज केला: या २,००० शेअरबाबत 'जैसे थे' ठेवावं, ते पुढे विकू वा गहाण टाकू नयेत. पहिल्या सुनावणीला तो आदेश मिळाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये याचिका दाखल झाली, आणि हे शेअर पुढे बँकेकडे तारण गेले नाहीत ते या आदेशामुळेच. शेअर तिसऱ्या, निर्दोष माणसाच्या हाती गेले की प्रकरणाचा रंगच पालटतो.

कंपनीचं उत्तर

फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने शपथपत्रावर उत्तर दिलं. त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, ताईंनी १४ मार्च २०२० रोजी हस्तांतरणाच्या एसएच-४ फॉर्मवर सही करून २,००० शेअर दोन लाख रुपयांना थोरल्यांना विकले, पैसे रोख दिले. दुसरी, मूळ सर्टिफिकेट हरवल्याचं ताईंनी सांगितल्यामुळे दुय्यम सर्टिफिकेट काढलं. तिसरी, २७ मार्च २०२० रोजी संचालक मंडळाने हस्तांतरण मंजूर करून वहीत नोंद केली. सोबत फॉर्मची आणि इतिवृत्ताची छायाप्रत. शेवटी कायद्याचे दोन आक्षेप: तीन वर्षांची मुदत संपली आहे, आणि सही खरी की खोटी हा पुराव्याचा प्रश्न असल्यामुळे याचिकाकर्तीने दिवाणी न्यायालयात जावं.

ताईंनी फॉर्म पाहिल्याबरोबर म्हटलं, "ही माझी सही नाही. हस्ताक्षरतज्ज्ञ आणा."

त्यांचं बोलणं समजण्यासारखं होतं, पण तो सापळा होता. आपणच तज्ज्ञ मागितला की आपणच मान्य केलं, सहीच्या वादाचा निकाल साक्षी-उलटतपासणीशिवाय लागत नाही. मग कंपनीचा आक्षेप आपल्याच तोंडून सिद्ध होतो. मी त्यांना म्हणालो, "ताई, सही क्षणभर बाजूला ठेवा. वर डाव्या कोपऱ्यात मुद्रांक किती रुपयांचे लावलेत ते बघा."

दहा-दहा रुपयांची तीन शेअर हस्तांतरण तिकिटं होती. एकूण ३० रुपये.

त्या तीन तिकिटांनी प्रकरण उलटलं. भारतीय मुद्रांक अधिनियमात वित्त अधिनियम २०१९ ने केलेले बदल १ जुलै २०२० पासून लागू झाले, आणि शेअर हस्तांतरणावरचं शुल्क ०.०१५ टक्के झालं. दोन लाखांवर ते बरोबर ३० रुपये येतं. त्याआधीचा दर होता शंभर रुपयांना २५ पैसे. त्या दराने दोन लाखांच्या शेअरवर किमान ५०० रुपयांचे मुद्रांक लागले असते. फॉर्मवर तारीख १४ मार्च २०२० ची, आणि मुद्रांक साडेतीन महिन्यांनी लागू झालेल्या दराचे.

याला दोनच उत्तरं आहेत आणि दोन्ही कंपनीच्या विरोधात जातात. एक, फॉर्म १ जुलै २०२० नंतर तयार झाला आणि त्यावर मागची तारीख टाकली. किंवा दोन, तो खरोखर मार्चमध्येच झाला, पण ५०० ऐवजी ३० रुपयांचे मुद्रांक लावले. कलम ५६ म्हणतं की योग्य मुद्रांक लावलेला, तारीख असलेला, दोन्ही पक्षांनी सही केलेला फॉर्म सर्टिफिकेटसह कंपनीकडे आल्याशिवाय कंपनीने हस्तांतरण नोंदवूच नये. जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मन्नालाल खेतान प्रकरणात १९७६ सालीच सांगितलं आहे की ती बंधनकारक आहे, सोयीपुरती नाही. म्हणजे सही ताईंची धरली तरी नोंद बेकायदा. सहीच्या प्रश्नाला हात न लावता नोंदीचा पाया गेला.

दुसरा धागा इतिवृत्ताचा. २७ मार्च २०२० रोजी सकाळी ११ वाजता नोंदणीकृत कार्यालयात तिन्ही संचालक प्रत्यक्ष हजर, असं त्यात लिहिलं होतं. देशभरातली टाळेबंदी २५ मार्चपासून होती. व्हिडिओवरून सभा घ्यायची सोय होती, पण इतिवृत्तात व्हिडिओचा उल्लेख नव्हता, कार्यालयाचा होता. इथे मी एक सावधगिरी बाळगली. टाळेबंदीत सभा झाली म्हणून ठराव रद्द, असा कायदा नाही, आणि तसं म्हटलं असतं तर आम्हीच खोडून निघालो असतो. आम्ही एवढंच म्हटलं: मुद्रांकावरून जी शंका येते तिला ही तारीख दुजोरा देते.

तिसरा धागा सगळ्यांत साधा होता आणि याचिका दाखल करतानाच हातात होता. नोंद २७ मार्च २०२० ला झाली असेल, तर चार दिवसांनी ३१ मार्च २०२० ला संपलेल्या वर्षाच्या विवरणपत्रात ती यायला हवी. त्या वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवून दिलेली होती, म्हणून विवरणपत्र जानेवारी २०२१ मध्ये भरलं गेलं. त्यात त्या वर्षातलं हस्तांतरण 'काही नाही' असं लिहिलं होतं, आणि भागधारकांच्या यादीत ताईंचे २,००० शेअर जसेच्या तसे होते. त्या विवरणपत्रावर डिजिटल सही कोणाची? थोरल्यांचीच. कंपनीने खुलासा केला की कारकुनाची चूक झाली. पण ज्या माणसाला त्या व्यवहारात २० टक्के भांडवल मिळालं, त्याने दहा महिन्यांनी स्वतः सही करताना ते यादीत दिसत नाही हे लक्षात घेतलं नाही, हे पटायला अवघड होतं.

इथे कायद्याची बाजूही समजून घ्यावी. कलम ९५ प्रमाणे सभासद नोंदवही आणि वार्षिक विवरणपत्रांच्या प्रती, दोन्ही प्रथमदर्शनी पुरावा आहेत. म्हणजे सुरुवातीला वहीतलं खरं धरलं जातं, आणि ते खोडायची जबाबदारी ताईंवर होती. पण कंपनीचाच एक प्रथमदर्शनी पुरावा दुसऱ्याला खोडत असेल, तर वहीचं वजन तिथेच कमी होतं. बाहेरचा साक्षीदार लागत नाही.

सर्टिफिकेटचं मी थोडक्यात सांगतो. मूळ सर्टिफिकेट ताईंनी न्यायाधिकरणापुढे हजर केलं. दुय्यम सर्टिफिकेट काढायला मंडळाची आधी संमती लागते आणि एसएच-२ या नोंदवहीत त्याची नोंद करावी लागते. ती वही हजर करा म्हटल्यावर कंपनीने 'सापडत नाही' असं शपथपत्र दिलं.

मुदत आणि हद्द

मुदतीचा आक्षेप पुढे फार टिकला नाही, पण त्याचा हिशेब सांगायला हवा. कलम ५९ मध्ये स्वतःची मुदत लिहिलेली नाही. कलम ४३३ मुळे मुदत कायदा १९६३ लागू होतो आणि त्याच्या अनुच्छेद १३७ प्रमाणे तीन वर्षं मिळतात. नोंद २७ मार्च २०२० ची धरली तरी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळलेला आहे. म्हणजे घड्याळ १ मार्च २०२२ ला सुरू होऊन २०२५ च्या फेब्रुवारीअखेर थांबतं. याचिका नोव्हेंबर २०२३ ची. शिवाय लबाडी झाकून ठेवली असेल तर मुदत कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ती उघड होईपर्यंत मुदत सुरूच होत नाही. पण पहिल्या हिशेबानेच काम भागत असताना दुसऱ्यावर विसंबलो नाही. लबाडी 'केव्हा कळली' हा पुन्हा पुराव्याचा प्रश्न होतो.

इथे कलम ५८ शी गोंधळ होऊ देऊ नका. आपण शेअर घेतले, फॉर्म दिला, आणि खाजगी कंपनीने नोंद करायला नकार दिला, तर ते कलम ५८ चं अपील. त्याची मुदत नकाराची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस, आणि नोटीसच आली नाही तर फॉर्म दिल्यापासून ६० दिवस. ती गेली की फार धडपड करावी लागते. ताईंचं प्रकरण ते नव्हतं. त्यांनी काही विकत घेतलं नव्हतं, त्यांचं होतं ते काढलं होतं.

हद्दीचा आक्षेप मात्र खरा लढवला गेला. कंपनीचा आधार होता अमोनिया सप्लाइज हा १९९८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. त्यात म्हटलं आहे की दुरुस्तीचा अधिकार न्यायासनाकडेच आहे, पण दुरुस्तीच्या नावाखाली मालकीचा गुंतागुंतीचा वाद आणला असेल, तर तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवता येतो. हे आजही ठीक आहे, आणि ज्यांच्या प्रकरणात खरोखरच तसा वाद आहे त्यांना याचा फटका बसतो. पण त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. २०१८ मध्ये आदेश कौर विरुद्ध आयशर मोटर्स प्रकरणात शेअर लबाडीने दुसऱ्याच्या नावावर गेले होते, आणि अपील न्यायाधिकरणाने त्या बाईंना दुसरीकडे जायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं: लबाडी स्पष्ट दिसत असेल तर न्यायाधिकरणाने तिथेच निकाल द्यावा. आणि ९ सप्टेंबर २०२४ रोजी, आमची अंतिम सुनावणी तोंडावर असताना, लेक्सस टेक्नॉलॉजीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रश्न खरोखर गंभीर वादाचा आहे का हे तपासल्याशिवाय न्यायाधिकरणाने हात झटकू नयेत. नुसता 'लबाडी' शब्द उच्चारला म्हणून हद्द जात नाही. तो निकाल दुसऱ्याच दिवशी दाखल केला.

यापलीकडे कलम ४३० आहे, जे न्यायाधिकरणाच्या अखत्यारीतल्या बाबींवर दिवाणी दावा बंद करतं. त्यामुळे 'दिवाणीत जा' म्हणणाऱ्याला विचारता येतं, कोणत्या दारातून? आणि नियम ७० मध्ये लिहिलेलंच आहे की पक्षकाराचं नाव वहीत असावं की नाही यासाठी लागणारा मालकीचा प्रश्न न्यायाधिकरण ठरवू शकतं.

सुनावणीत एका सदस्यांनी कंपनीच्या वकिलांना विचारलं, "सही बाजूला ठेवू. हा फॉर्म तुमच्यापुढे आला त्या दिवशी तो नोंदवायच्या लायकीचा होता का, एवढं सांगा." वकील म्हणाले की मुद्रांक कमी असले तर ती भरून काढता येण्यासारखी उणीव आहे. सदस्यांनी विचारलं, "मग भरून काढली का?" नव्हती काढली.

आदेश

डिसेंबर २०२४ मध्ये आदेश झाला. न्यायाधिकरणाने सही खरी की खोटी यावर मत दिलं नाही, आणि तो प्रश्न फौजदारी कार्यवाहीसाठी मोकळा ठेवला. ताईंना हे क्षणभर लागलं. त्यांना कोणीतरी 'ही सही तुमची नाही' असं म्हणायला हवं होतं. पण आदेश अपिलात टिकण्याचं कारणही तेच आहे. तो वादग्रस्त सहीवर उभा नाही, तिन्ही कागद निर्विवाद आहेत.

न्यायाधिकरणाने म्हटलं की २,००० शेअरपुढून याचिकाकर्तीचं नाव काढण्याला आणि प्रतिवादी क्रमांक दोनचं नाव घालण्याला पुरेसं कारण नव्हतं. नोंद २७ मार्च २०२० पासून झालीच नाही असं समजून दुरुस्त करावी. दुय्यम सर्टिफिकेट रद्द करून कंपनीने ताब्यात घ्यावं. कलम ५९(२) मध्ये नुकसानभरपाईची तरतूद आहे, तिच्याखाली लाभांशाचे एक लाख ऐंशी हजार रुपये कंपनीने द्यावेत, आणि हवं तर थोरल्यांकडून वसूल करावेत. व्याज मागितलं होतं, दिलं नाही. मधल्या काळातल्या सभांच्या ठरावांवर न्यायाधिकरणाने काही म्हटलं नाही, कारण त्याबद्दल आम्ही काही मागितलंच नव्हतं. २०२२ च्या सभेत थोरल्यांचं मानधन वाढलं होतं, तेही ५५ टक्क्यांच्या मतावर. तो प्रश्न आता ताई सभासद म्हणून स्वतंत्रपणे उभा करू शकतात, पण या आदेशाने तो सुटलेला नाही.

हे प्रकरण पडूही शकलं असतं, आणि ते लपवून उपयोग नाही. फॉर्म कोऱ्या कागदावर आधीच सही घेऊन नंतर भरलेला असता, मुद्रांक बरोबर असते, सर्टिफिकेट थोरल्यांच्याच कपाटात असतं आणि विवरणपत्रं जुळली असती, तर ताईंकडे फक्त शब्द उरला असता. 'भावाने विश्वासाने सही घेतली' एवढ्यावर न्यायाधिकरण बहुधा साक्षीपुराव्याच्या मार्गाला लावतं. म्हणून कोऱ्या एसएच-४ वर सही द्यायची नाही आणि सर्टिफिकेट दुसऱ्याच्या हाती ठेवायचं नाही, हे मी प्रत्येक घरगुती कंपनीतल्या बहिणीला सांगतो. शेअर डिमॅट असते तर सर्टिफिकेटच नसतं, आणि मग दुरुस्ती डिपॉझिटरीच्या, म्हणजे डिमॅट शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत करून मागावी लागते. कलम ५९(२) मध्ये तीही सोय आहे.

आदेशानंतर प्रमाणित प्रत मिळवून कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात पोच घेऊन दिली. अपील न्यायाधिकरणाकडे जायला ४५ दिवस असतात, आणि सबळ कारण दिलं तर आणखी ४५ पर्यंत. थोरल्यांनी अपील केलं नाही. धाकटे आणि आई यांनी घरी बसून काय बोलणं केलं ते मला माहीत नाही.

मार्चमध्ये ताई वही बघायला गेल्या, या वेळी कंपनीने चहा दिला. त्यांच्या पानावरची मार्च २०२० ची हस्तांतरणाची ओळ खोडलेली नव्हती, खोडायची नसतेच. तिच्या खाली नवी ओळ होती: न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार नोंद दुरुस्त, शेअर २,०००, आदेशाची तारीख, संचालकाची आद्याक्षरं. थोरल्यांच्या पानावर तितकेच शेअर वजा केलेले. ताईंनी दोन्ही पानांच्या नकला मागितल्या, पानाला दहा रुपये दिले. घरी आल्यावर मुलाने पोर्टल उघडून आदेश आयएनसी-२८ मध्ये कंपनी निबंधकाकडे भरला आहे का ते पाहिलं. भरला होता.